यादी लागल्यानंतर

पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठांतील जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत जिथे जिथे रिकामा मजला सापडला तिथे तिथे अभ्यासिका झालेल्या आहेत, आणि त्यांत महाराष्ट्राच्या जवळजवळ प्रत्येक तालुक्यातून आलेली मुले आणि मुली लाकडी खोक्यासारख्या कप्प्यांत वर्षानुवर्षे मान खाली घालून बसलेली असतात. लोकसेवा आयोगाची यादी लागणार अशी कुणकुण त्यांना बहुधा आधी लागलेली असते, परंतु नेमका क्षण कोणालाच ठाऊक नसतो. कधी दुपार उलटल्यावर, कधी चांगली रात्र झाल्यावर ती आयोगाच्या संकेतस्थळावर येते, आणि मग एकदम पुष्कळ खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज होतो. त्यानंतर थोड्याच वेळात रस्त्यावर हलगी वाजू लागते, कोणाला तरी खांद्यावर घेतलेले असते, गुलालाने डांबर तांबडे झालेले असते, आणि गावाकडे तोवर फलकांची मागणी छापखान्यात गेलेली असते. अलीकडे यंत्राच्या अजस्र हातातून निवड झालेल्यावर गुलाल ओतण्याचीही रीत पडली आहे.

या गुलालाविषयी मला तिटकारा नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. ज्या आईने दुसऱ्याच्या बांधावर खुरपे चालवून मुलाच्या खोलीचे भाडे पाठविले, तिच्या दारात एक दिवस वाजंत्री वाजली तर ती कोणाच्या कानाला बोचावी असे मला वाटत नाही. गावाने तिला आजवर जे दिले नव्हते ते गाव त्या दिवशी देत असते. परंतु मित्रांचे काम निराळे. गाव निवडीचा उत्सव करते, कारण गावाला निवडच दिसते. निवडीच्या मागची वर्षे ज्यांनी जवळून पाहिली त्यांच्यावर अधिक नाजूक जबाबदारी येते, आणि ती अशी की आपल्या आनंदाने त्या माणसावर कसलेही ऋण चढता कामा नये. माझ्या एका मित्राची नायब तहसीलदार पदासाठी निवड झाली त्या हिवाळ्यात ही गोष्ट मला फार जवळून पाहता आली, म्हणून तिच्याविषयी लिहितो आहे.

तो मूळचा मंगळवेढ्याकडचा. वडिलांची कोरडवाहू जमीन, तिच्यात रब्बीची ज्वारी, आणि जोडीला दोन म्हशी. आम्ही एकाच अभ्यासिकेत काही काळ शेजारी बसलो होतो. पुढे मी अध्यापनाकडे वळलो आणि तो तिथेच राहिला. त्याच्या कप्प्याच्या फळीवर पाचवीपासून बारावीपर्यंतची राज्य मंडळाची इतिहासाची आणि भूगोलाची पाठ्यपुस्तके ओळीने लावलेली असत, आणि प्रत्येक धड्याच्या शिरोभागी पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या असत. तो धडा ज्या ज्या दिवशी पुन्हा वाचला त्या त्या दिवसाची तारीख. काही धड्यांवर त्या तारखांची इतकी गर्दी झाली होती की त्या समासात उतरल्या होत्या. त्याच्या श्रमाचे इतके प्रामाणिक दप्तर मी दुसरे पाहिलेले नाही, आणि त्याचे अभिनंदन करावयाचे तर ते या तारखांचे केले पाहिजे, असे मला तेव्हापासून वाटत आले होते.

यादी लागली तेव्हा त्याने प्रथम वडिलांना दूरध्वनी केला. वडिलांना तो अण्णा म्हणतो. अण्णांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हंजे आता कामावर कधी जायचं?" त्या प्रश्नाने तो क्षणभर थांबला, कारण उत्तर त्यालाही ठाऊक नव्हते.

इथे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसलेली एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. आयोग नेमणूक करीत नाही. आयोग शिफारस करतो आणि नेमणूक शासन करते. परीक्षा, मुलाखत आणि गुणवत्ता यादी हा आयोगाचा प्रांत. त्यानंतर कागदपत्रांची पुन्हा छाननी, जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात वैद्यकीय तपासणी, उमेदवार जिथे जिथे राहिला तेथील पोलिसांकरवी चारित्र्याची पडताळणी, आणि मग कधीतरी संबंधित विभागाचा नियुक्तीचा आदेश, हा शासनाचा प्रांत. या दोन प्रांतांच्या मधली जी वाट आहे ती किती लांब असेल हे कोणी सांगू शकत नाही. २०१९ सालच्या राज्यसेवा परीक्षेचा अंतिम निकाल २०२० च्या जूनमध्ये लागला, ४१३ उमेदवारांची शिफारस झाली, त्यांचे कौतुक झाले, सत्कार झाले. पण टाळेबंदीच्या आणि आरक्षणाच्या न्यायालयीन वादाच्या काळात त्यांना नियुक्तीसाठी वर्षाहून अधिक काळ तिष्ठत राहावे लागले. गावात ज्याला एकदा 'साहेब' म्हणून हत्तीसारखे मिरविले, त्याने पुढचे वर्षभर त्याच गावात बिनपगारी, बिनकामाचे हिंडावे, आणि भेटेल त्याने "साहेब, अजून हजर नाही झालात?" असे विचारावे, यातला जाच ज्याने सोसला त्यालाच कळेल. त्या प्रश्नामागे दुष्टावा नसतो. मिरवणुकीने एक हुंडी लिहून दिलेली असते आणि लोक ती वटविण्यास येत असतात, एवढेच.

शिवाय ती यादीही पहिल्या दिवशी अंतिम नसते. आधी तात्पुरती यादी लागते आणि मग काही दिवसांची मुदत देऊन उमेदवारांना भरतीप्रक्रियेतून बाहेर पडण्याचा विकल्प दिला जातो. पुष्कळ जण आधीच कुठल्या तरी पदावर काम करीत असतात आणि वरचे पद मिळावे म्हणून पुन्हा परीक्षेस बसलेले असतात. हवे ते पद मिळाले नाही तर ते नाव मागे घेतात, आणि मग त्यांच्या खालचे वर सरकतात, पदे बदलतात, आणि अगदी शेवटी यादीबाहेर राहिलेल्या एखाद्याचे नाव आत येते. म्हणून त्या मुदतीच्या दिवसांत अभ्यासिकांतून एक चमत्कारिक कुजबूज चालू असते: अमुक उमेदवार बाहेर पडणार का, तमुक उमेदवार आधीच रुजू आहे का, त्याचा प्रवर्ग कोणता.

माझ्या मित्राच्या खोलीत ही कुजबूज दाराबाहेरची नव्हती. त्याच्या खोलीतला जोडीदार, औशाकडचा, त्याच परीक्षेत त्याच प्रवर्गातून बसला होता आणि दीड गुणाने मागे राहिला होता. मुख्य परीक्षेच्या वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिकांत चुकलेल्या उत्तरापोटी गुण वजा होत असल्यामुळे असे अपूर्णांक पडत. काही प्रश्न मोकळे सोडले असते तर, किंवा दोन-तीनांची उत्तरे धीर करून बरोबर दिली असती तर, चित्र पालटले असते. दोघांचे गाद्यांचे अंथरूण शेजारी शेजारी, दोघांचा चहाचा डबा एक, आणि मुलाखतीला जाताना घालायचा कोटही दोघांत मिळून एकच शिवलेला. अशा दोघांपैकी एकाचे नाव यादीत आल्यावर त्या खोलीत काय करावयाचे, हा प्रश्न कोणत्याही उत्सवाच्या आधीचा आहे.

माझ्या मित्राने जे केले ते असे. त्याने खोलीत पेढे आणू दिले नाहीत. जमलेल्या सगळ्यांना घेऊन तो खानावळीत गेला, आणि औशाकडच्या जोडीदाराला त्याने एकदाच, दारातच, विचारले, "तू येतोस का? नाही आलास तरी चालेल." त्या विचारण्यात आग्रह नव्हता आणि टाळाटाळही नव्हती, दोन्ही उत्तरे सारखीच स्वीकारली जातील असा त्याचा स्वर होता. जोडीदार म्हणाला, "मी घरी एक फोन करतो आणि येतो." आणि तो खरोखर आला. त्याच्याशी कोणी सांत्वनाचे बोलले नाही. अशा वेळी आपल्याकडे दोन वाक्ये तोंडाशी तयार असतात, एक म्हणजे "पुढच्या वेळी नक्की" आणि दुसरे म्हणजे "नशिबाचा खेळ आहे". पहिले वाक्य बोलणाऱ्याला पुढच्या वेळेविषयी काहीही ठाऊक नसते, आणि दुसऱ्या वाक्याने ज्याची निवड झाली त्याच्याही श्रमाचा अवमान होतो. त्या रात्री ही दोन्ही वाक्ये उच्चारली गेली नाहीत, याचे मला आजही समाधान वाटते.

खानावळीच्या मावशींना बातमी आधीच कळली होती. त्यांनी काही गोडधोड केले नव्हते, कारण तेवढा वेळच नव्हता, त्यांनी त्याच्या भातावर तूप वाढले, ते नेहमीच्या चमच्याने न वाढता वाटीने वाढले, आणि म्हणाल्या, "आज पहाटं उठू नको, बाळा." इतक्या वर्षांत त्यांनी त्याला उशिरा जेवायला येताना, ताटावर बसून टाचण वाचताना, आणि महिन्याचे पैसे थोडे मागेपुढे होतील असे खालच्या मानेने सांगताना पाहिले होते. त्याला आता कशाची गरज आहे हे त्यांना अचूक ठाऊक होते: झोपेची.

जेवणानंतर आम्ही त्याच्याकडून मुलाखत ऐकली. हा त्या संध्याकाळचा खरा समारंभ होता. परीक्षार्थ्यांच्या जगात निवड झालेल्याला मुलाखतीची हकिकत अनेकांना सांगावी लागते, परंतु ती बहुधा उपयोगासाठी विचारली जाते: कोणते प्रश्न आले, कोणत्या सदस्यांचे मंडळ होते. आम्ही ती उपयोगासाठी ऐकत नव्हतो. आमच्यातले बहुतेक त्या मार्गावरून केव्हाच उतरलेले होते. म्हणून त्याला ती सावकाश, आरंभापासून सांगता आली. बाहेरच्या बाकावर बसला असता कोटाच्या बाहीची गुंडी सैल झाल्याचे कसे ध्यानात आले. आत गेल्यावर पहिलाच प्रश्न मंगळवेढ्याच्या ज्वारीवर कसा आला. पाऊस एवढा कमी असताना तिथे ज्वारी कशी साधते, असे एका सदस्यांनी विचारले तेव्हा त्याने पुस्तकातले उत्तर बाजूला ठेवून अण्णांच्या तोंडचे उत्तर कसे दिले: की खोल काळी जमीन परतीच्या पावसाचे पाणी पोटात धरून ठेवते, भाद्रपद-आश्विनात पेरणी होते, आणि पुढे थंडी आणि दव यांच्या आधारावर ते पीक उभे राहते. मग सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीविषयी, फेरफाराविषयी आणि वारसनोंदीला लागणाऱ्या विलंबाविषयी विचारणा झाली. एका प्रश्नाला त्याने "मला माहीत नाही, सर" असे सरळ सांगितले होते, आणि त्या उत्तराविषयी त्याला अजून धाकधूक वाटत होती. आम्ही त्याला ते उत्तर पुन्हा पुन्हा सांगावयास लावले. औशाकडच्या जोडीदाराने मध्येच एक दुरुस्ती केली: फेरफाराची नोंद आधी गाव नमुना सहामध्ये होते, ती प्रमाणित झाल्यावर सातबाऱ्यावर अंमल दिला जातो, आणि तू क्रम उलटा सांगितलास. सगळे एकदम हसले, तोही हसला, आणि त्या एका दुरुस्तीने तो जोडीदार पुन्हा आमच्यात बरोबरीने येऊन बसला. मोघम स्तुती ऐकून माणूस अवघडतो. आपण केलेल्या कामाचे बारकावे जाणणारा कोणी समोर बसला असला म्हणजे मात्र त्याला खरोखर मोकळे वाटते, हे मी त्या रात्री त्याच्या चेहऱ्यावर पाहिले.

पैसे आम्ही दिले. "पार्टी कधी?" हा प्रश्न निवड झालेल्याला पहिल्या तासातच विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्यांच्या ध्यानात एक साधी गोष्ट येत नाही, की ज्याला आपण विचारतो आहोत तो अद्याप उमेदवार आहे, पगार सुरू होण्यास कित्येक महिने लागतील, आणि मधल्या काळात खोलीचे भाडे, अभ्यासिकेची बाकी, दाखल्यांसाठी गावाकडच्या फेऱ्या, वैद्यकीय तपासणीच्या दिवसाचा मुक्काम, हा खर्च चालूच राहणार. शंभर जणांना चहा पाजण्यासाठी ज्यांनी उसनवारी केली आहे असे निवड झालेले तरुण मी पाहिले आहेत. म्हणून आम्ही आपसांत वर्गणी काढली, आणि त्यातून खानावळीची त्याची मागची बाकी मावशींकडे चुकती केली. उरलेल्या पैशांत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिची एक मजबूत बांधणीची प्रत घेतली, कारण परीक्षेपुरती तिची काही कलमे त्याने पाठ केली असली तरी पुढे त्याचा संसार त्याच ग्रंथाशी व्हावयाचा होता. त्या प्रतीवर आम्ही कोणीही काही लिहिले नाही. वापरावयाच्या पुस्तकावर अर्पणपत्रिका असली की माणूस ते जपून ठेवतो, आणि ते जपून ठेवण्याचे पुस्तक नव्हे.

पुढच्या आठवड्यात त्याच्या कागदपत्रांची संचिका आम्ही दोघांनी बसून लावली. हे काम कंटाळवाणे आहे, आणि म्हणूनच ते मित्राने करावे. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र, पदवी, अधिवास, जातीचे प्रमाणपत्र आणि त्याची वैधता, नॉन-क्रिमीलेअर, लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन. प्रत्येकाची मूळ प्रत एकीकडे आणि स्वसाक्षांकित प्रतींचे संच दुसरीकडे. घोटाळा होतो तो बहुधा दोन ठिकाणी. एक, नावाच्या अक्षरांत: दाखल्यावर वडिलांचे नाव एका तऱ्हेने, आधारपत्रावर दुसऱ्या तऱ्हेने, आणि पदवीवर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग तिसऱ्याच तऱ्हेने. दुसरा घोटाळा तारखांचा: प्रमाणपत्र खरे असते, परंतु जाहिरातीत सांगितलेल्या मुदतीत ते वैध होते की नव्हते हे पाहावे लागते. थकलेल्या माणसाला स्वतःच्या नावातला फरक दिसत नाही, कारण आपले नाव आपण वाचत नाही, ओळखतो. दुसऱ्याने बोट ठेवून अक्षरन् अक्षर वाचावे लागते. त्याच्या पदवीच्या प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावात एक अक्षर कमी निघाले. तपासणीच्या दिवशी खिडकीसमोर ते उघडकीस आले असते तर तो हबकला असता. आता प्रतिज्ञापत्र करून ठेवण्यास अवधी होता.

मग तो गावी गेला, आणि गावाने जे योजिले होते ते त्याच्यासमोर आले. वेशीपासून मिरवणूक, ध्वनिवर्धकांची भिंत, मोठे फलक, आणि सभेला बाहेरचे पाहुणे. हा सगळा खर्च तालुक्यातले एक सधन गृहस्थ स्वखुशीने करणार होते. अण्णांना ते नको होते, पण नाही म्हणण्याचे धैर्य होत नव्हते. त्याने मला दूरध्वनीवर विचारले, आणि मी म्हणालो, "खर्च कोण करतो एवढेच बघ. बाकी सगळं मागाहून."

हीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. महसूल खात्यातील अधिकाऱ्याच्या टेबलावर जी प्रकरणे येतात ती वाळूची असतात, बांधाची असतात, बिनशेती परवानगीची, रस्त्याच्या अडवणुकीची असतात. म्हणजे ज्यांच्याजवळ मिरवणुकीचा खर्च करण्याइतका पैसा असतो, नेमकी त्यांचीच पुष्कळदा असतात. ज्याने वाजंत्री आणली तो उद्या काही मागेलच असे नाही. परंतु त्याने मागितले, तर 'नाही' म्हणताना जी जीभ जड होईल ती त्या वाजंत्रीमुळे जड होईल. शासनानेही हे ओळखले आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ साली झाले. त्यांत भेटी स्वीकारण्यावर आणि स्वतःच्या सन्मानार्थ होणाऱ्या जाहीर समारंभांवर बंधने आहेत. केंद्राच्या १९६४ च्या तशाच नियमांत तर एक फार सूक्ष्म भेद केलेला आढळतो: पूर्वपरवानगीवाचून मानपत्र घेऊ नये, सन्मानसभेस जाऊ नये, असे सांगून झाल्यावर सेवानिवृत्तीच्या किंवा बदलीच्या प्रसंगी होणारा निरोपाचा समारंभ मुख्यतः खासगी आणि अनौपचारिक स्वरूपाचा असेल तर त्याला बाधा नाही, असे तो नियम म्हणतो. नियम करणाराने आनंदाला मनाई केली नाही. ज्या आनंदाने माणूस कोणाचा देणेकरी होत नाही तेवढा त्याने मोकळा ठेवला. कायद्याच्या रुक्ष भाषेत मैत्रीची इतकी चांगली व्याख्या सापडावी, याचे मला नवल वाटले होते.

अर्थात हे नियम सेवेत असलेल्यांसाठी आहेत, आणि माझा मित्र अजून सेवेत नव्हता. कायद्याने त्याला त्या मिरवणुकीत बसता आले असते. पण रुजू होण्याच्या आदल्या महिन्यात घेतलेले ओझे रुजू होताना उतरून ठेवता येत नाही. त्याने सरपंचांना जाऊन सांगितले, "अजून नुसती शिफारस आहे, आदेश हातात नाही. आत्ता गाजावाजा करून मागनं काही खोळंबलं तर अण्णांना तोंड दाखवायला जागा राहायची नाही." हे कारण सरपंचांना ताबडतोब पटले, आणि ते खरेही होते. सधन गृहस्थांच्या घरी तो स्वतः जाऊन त्यांच्या पाया पडून आला, त्यामुळे त्यांचाही मान राहिला. शेवटी इतकेच ठरले की शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर गावाने जमावे. तिथे देवळातलाच एक नारळ त्याच्या हाती दिला गेला, आणि तो त्याच्या पहिलीच्या गुरुजींच्या हस्ते. गुरुजी आता फार थकले आहेत. भाषण कोणी केले नाही. गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवून सभोवारच्या मुलांना एवढेच सांगितले, की याचे पाढे कच्चे होते आणि याने ते पक्के केले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याहून तिथे पोहोचलो. औशाकडचा जोडीदारही बरोबर होता. पौष चालू होता, ज्वारी हुरड्याला आली होती, आणि अण्णांनी शेतात आगटी लावली होती. हुरड्याचे दिवस थोडे असतात. दाण्यात चीक भरलेला असावा पण तो वाहता असू नये, आणि नखाने दाबल्यावर दाणा फुटावा पण कडक लागू नये, अशी ती अवस्था आठ-दहा दिवसांत निघून जाते. अण्णा स्वतः कणसे निवडून आणीत होते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ती खोचायची, फिरवत राहायची, वरचा हिरवा रंग किंचित काळवंडला की काढून गोणपाटावर हाताने चोळायची, फोलपटे फुंकून टाकायची, आणि वाफ येत असतानाच तो हिरवा दाणा तिळाच्या चटणीबरोबर किंवा गुळाबरोबर समोरच्याच्या ओंजळीत द्यायचा. चोळणाऱ्याचे तळहात तांबडे होतात, म्हणून ते काम आळीपाळीने चालते. माझा मित्र त्या दिवशी बहुतेक वेळ चोळण्याच्या कामावरच बसला होता, आणि त्याला तिथून कोणी उठविलेही नाही; उत्सवमूर्ती म्हणून त्याला घोंगडीवर बसवून ठेवले असते तर तो गुदमरला असता.

दुपारी शेजारच्या वस्तीवरचे एक वृद्ध शेतकरी आले. त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरविला, हुरडा खाल्ला, आणि मग हळूच विषय काढला, "तेवढं आमच्या वाटंचं बघा की आता, साहेब." त्यांच्या शेताकडे जाणारी वाट वरच्या शेतकऱ्याने नांगरून टाकली होती. मित्राने हातातले कणीस खाली ठेवले, आणि आपण अजून रुजू झालेलो नाही, झालो तरी नेमणूक बहुधा आपल्या तालुक्यात होणार नाही, हे त्यांना नीट समजावून सांगितले. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम अजून चालू आहे, वहिवाटीच्या रस्त्याला अडथळा झाला तर त्याखाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो, मात्र तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो, म्हणून नांगरट कोणत्या दिवशी झाली ते आधी आठवा, असे त्याने विचारले. म्हातारबुवांनी बोटे मोजली आणि दिवाळीनंतरची असे सांगितले. "मग मुदतीत आहे," असे म्हणून औशाकडच्या जोडीदाराने खिशातून कागद काढला आणि अर्जाचा मसुदा तिथेच, गुडघ्यावर धरून, लिहून दिला. त्याचे अक्षर सुरेख आहे.

बाहेर पडण्याची मुदत संपून अंतिम यादी लागली तेव्हा वरचे काही उमेदवार बाहेर पडल्याचे दिसले. माझा मित्र थोडा वर सरकला, पद तेच राहिले, आणि औशाकडच्या जोडीदाराचे नाव याही यादीत आले नाही. आता राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक पद्धतीची झाली आहे, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे पर्याय निवडून वर्तुळे रंगविली त्यांना तीन तास सलग लिहिण्याची सवय नव्याने लावून घ्यावी लागते. जोडीदाराने पुन्हा अर्ज भरला. माझा मित्र आदेशाची वाट पाहत गावीच होता. ठरले असे की जोडीदाराने दर आठवड्याला काही उत्तरे हाताने लिहून पाठवावीत आणि याने ती तपासून परत पाठवावीत. तो तपासतो कठोरपणे. मी पाहिलेल्या एका उत्तरावर त्याने समासात लिहिले होते की पहिला परिच्छेद अनावश्यक आहे, दुसऱ्यापासून सुरुवात कर, आणि खाली त्या दिवसाची तारीख घातली होती. मध्यंतरी आदेश आला, तो मराठवाड्यातील एका तहसील कचेरीत रुजू झाला, कामाचा व्याप वाढला, आणि आता ती उत्तरे रविवारी सकाळी तपासली जातात.